एकोणसाठ हजार फक्त

भाऊ जाऊन महिना झाला होता. शाळेच्या मधल्या सुट्टीत वहिनीनं एका चिठ्ठीचा फोटो पाठवला, आणि मागोमाग तिचा फोन आला.

"ताई, नीट बघा. मावशीच्या भाच्यानं पाठवलाय. मला त्यात काहीतरी खोट दिसतेय."

मावशी म्हणजे आमच्या माहेरच्या आळीतली सुकी मासळी विकणारी बाई. नात्याची नाही, पण भाऊ तिला लहानपणापासून मावशीच म्हणायचा. त्याचा टेम्पो होता. बर्फ आणि मासळी घेऊन तो पहाटे अलिबागच्या बाजारात जायचा, तेव्हा मावशी सुकटीच्या टोपल्या घेऊन त्याच्या शेजारी बसायची. भाडं कधी द्यायची, कधी बोंबलांचा वाटा द्यायची. टेम्पोचं इंजिन गेलं तेव्हा त्यानं तिच्याकडून हातउसने घेतले, एवढं वहिनीला माहीत होतं. किती, ते त्यानं सांगितलं नव्हतं. नंतर एका सकाळी तो छाती धरून बसला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

फोटोत वहीचा फाडलेला कागद होता. अक्षर भावाचंच, उजवीकडे झुकलेलं. "मावशीकडून रुपये ६९,०००/- (अक्षरी रुपये एकोणसाठ हजार फक्त) हातउसने घेतले. मागतील तेव्हा परत करीन." खाली रेव्हेन्यू तिकीट, त्यावरून गेलेली त्याची सही.

मी ते दोनदा वाचलं. अंकात एकोणसत्तर, अक्षरात एकोणसाठ. दहा हजारांचा फरक.

"पाचाचा सहा केलाय," वहिनी म्हणाली. "तो भाचा काही साधा नाही. मावशीला कुठं वाचता येतंय?"

फोटोवर काय ठरवणार? सावली पडली होती, सहाच्या पोटात काळं दिसत होतं. मी म्हटलं, रविवारी येते, मूळ कागद बघू. तोवर कुणाला काही बोलू नकोस.

पण तिच्या मनात ते घोळत राहिलं असणार, कारण रविवारच्या आधीच ती अलिबागला कोर्टाजवळच्या एका वकिलांना भेटून आली. ते म्हणाले, अंक आणि अक्षर जुळत नसतील तर अशा चिठ्ठीत अक्षरी रक्कम धरतात. शिवाय नवऱ्याचं देणं तिच्यावर येतं ते त्यानं मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच. मागे होता तो टेम्पो. वहिनीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा जरा मोकळा लागला. "म्हणजे एकोणसाठच, ताई."

रविवारी पालीहून एसटीनं माहेरी जाताना मी फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते. पोयनाडच्या आसपास माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि मग खिडकीबाहेर बघवेना. मी बत्तीस पोरांच्या वर्गाला संख्यावाचन शिकवते. साठ आणि नऊ दाखवले की दरवर्षी निम्मी पोरं ओरडतात, एकोणसाठ! साठ ऐकू येतं ना त्यात. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. भावाच्या डोक्यात ते कधीच बसलं नव्हतं. बाजारातही तो भाव सांगताना अडायचा आणि "साठ नि नऊ" म्हणून मोकळा व्हायचा.

वहिनी आणि मी मावशीकडे गेलो तेव्हा ओटीवर सुकटीचा वास भरून राहिला होता. भाचा आत होता. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून माझ्या हातात दिला आणि बाजूला उभा राहिला. मी तो उजेडात धरला. मागून बोट फिरवलं. सहा एका दमात लिहिलेला, खाडाखोड नाही, शाई एकच. काळं दिसत होतं ती घडीची रेघ होती.

"किती दिले होते, मावशी?" मी विचारलं.

"सत्तराला हजार कमी," ती लगेच म्हणाली. "भिशी लागली सत्तराची. हजार मी देवीला काढून ठेवले, बाकी सगळं त्याच्या हातात दिलं. माज्या टोपल्या तोच न्यायचा, टेंपो बंद म्हणजे मी पण बंद."

वहिनीनं कागद घेतला. "मावशी, पण इथं अक्षरात एकोणसाठ लिहिलंय. साठाला हजार कमी. वकील म्हणाले, अक्षरातलंच खरं."

भाचा पुढं सरकला, "असं कसं? आकडा बघा ना!" मावशीनं हातानंच त्याला थांबवलं.

"त्यानंच लिवलंय का ते?"

"हो. त्यांचंच अक्षर आहे."

"मग मीच चुकले असन," मावशी म्हणाली. "तो कशाला खोटं लिवंल? वय झालं माजं. देवीला अकरा ठेवले असतील, मला हजारच वाटले." ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. मोजता मोजता थांबली आणि पदरानं तोंड पुसलं.

वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. मी गप्प राहिले असते तर तिथंच सगळं मिटलं असतं. पोराची कॉलेजची फी भरायची होती, टेम्पोला गिऱ्हाईक पाडून मागत होतं. पण म्हातारी बाई आपल्या धड आठवणीवर अविश्वास दाखवत होती, तोही माझ्या भावावरच्या विश्वासापोटी.

"मावशी, तुम्ही नाही चुकलात," मी म्हटलं. "चूक त्याची आहे. त्याला एकोणसत्तर म्हणायचं होतं. त्याला ते कधीच जमलं नाही."

वहिनी उठली. चपला घालून अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागं गेले तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या, ताई? कागदावर होतं माझ्या बाजूनं. एवढं एकच होतं."

"मी थोडे देते त्यातले."

"नको. तुमचे पैसे नकोत मला." ती कुंपणाकडे वळली. मग म्हणाली, "ते साठ नि नऊच म्हणायचे. मलाही ठाऊक होतं."

आम्ही आत गेलो. भाच्यानं दुकानातून रेव्हेन्यू तिकीट आणलं. नवी चिठ्ठी मी लिहिली: अंकात ६९,०००, अक्षरात एकोणसत्तर हजार. मी अंक वाचला, भाच्यानं अक्षरं वाचली, मावशी मान हलवत राहिली. वहिनीनं सही केली. जुन्या कागदावर 'रद्द' लिहून तो तिला परत दिला. तिनं तो पर्समध्ये घातला. त्याचं अक्षर होतं त्यावर.

टेम्पो पेणच्या एकाला गेला, अपेक्षेपेक्षा कमीत. मावशीचे अर्धे पैसे लगेच फिटले, बाकीचे वहिनी दर महिन्याला नेऊन देते. ती आता पर्यटकांच्या एका कॉटेजवर स्वयंपाक करते. मावशी टोपल्या घेऊन रिक्षानं बाजारात जाते, आणि रिक्षावाला टोपलीमागे पैसे घेतो.

वहिनीचा फोन येतो. पोराचे मार्क सांगते, पावसाचं विचारते. पैशाचं काही सांगत नाही, आणि कुठलाही कागद मला वाचायला पाठवत नाही. गणपतीला गेले तेव्हा तिनं मला पाट दिला, पुढ्यात ताट वाढलं, आग्रह केला. पाहुण्याला करतात तसा.