भेंडीची खाज न येणारा हात

माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक बॉलपेन असतं. मी आरोग्यसेवक आहे. पणदऱ्याच्या बाजूला माझं उपकेंद्र आहे आणि कुष्ठरोग शोधमोहिमेत आजवर मी किती माणसांच्या अंगाला हे पेन लावलं असेल, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. अंगावर फिकट चट्टा दिसला की पेनाचं टोक अलगद टेकवायचं, माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि जिथं टेकवलं तिथं त्याला बोट ठेवायला लावायचं. यापेक्षा सोपं काम सरकारी नोकरीत दुसरं नसेल. आणि हेच काम मी माझ्या घरात केलं नाही.

आमचं घर शेळगावच्या शिवारात. धाकटा भाऊ आणि त्याची बायको तिथं शेती बघतात. दीड एकर भेंडी, बाकी ऊस. भावाच्या बायकोला घरात सगळे ‘धाकटी’च म्हणतात. मी तिचा थोरला दीर. लग्न होऊन ती आली त्याला चौदा वर्षं झाली, पण ती माझ्यासमोर पदर सावरूनच येते आणि आम्ही एकमेकांशी थेट बोलत नाही. चहा झालाय हे ती भांडं वाजवून सांगते. मला उशीर होणार असेल तर मी ते भावाला सांगतो, भाऊ तिला सांगतो. आमच्याकडं थोरल्या दिरानं असंच वागायचं असतं. मी त्यावर कधी विचारही केला नव्हता.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी घरी गेलो होतो. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, हिच्या हातावर पांढरं पडलंय. बघ जरा.’’

‘‘कुठं?’’

‘‘कोपराच्या खाली, आतल्या अंगाला. थांब, फोटोच काढून आणतो.’’

तो आत गेला. मी ओसरीवर बसून राहिलो, खिशात पेन होतं. मी उठायला हवं होतं. उठलो नाही.

आमच्या भागात फोटोवर सगळ्यांचा फार विश्वास. उसाचं पान पिवळं पडलं की फोटो, भेंडीवर मावा पडला की फोटो. खताच्या दुकानदाराला तो पाठवायचा आणि दुकानदार औषधाचं नाव लिहून पाठवतो. भावाचा हिशेब सरळ होता. पानाचं कळतं तर कातडीचं का कळणार नाही? त्यानं फोटो मोठा करून माझ्या तोंडासमोर धरला. ‘‘बघ, झूम केलंय. केससुद्धा दिसत्यात.’’

दिसत होतं ते असं: रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा फिकट चट्टा, कडा थोड्या अस्पष्ट. आजूबाजूची कातडी उन्हानं रापलेली. असा चट्टा गजकर्णाचा असू शकतो, शिबं असू शकतं, उन्हाचाही असू शकतो. आणि दुसरंही काही असू शकतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी तो फोटो बारामतीच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांना पाठवला. आमच्या मोहिमेच्या प्रशिक्षणाला तेच येतात. त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘‘फोटोत रंग दिसतो, स्पर्श दिसत नाही. संवेदना तपासून कळवा.’’

मी भावाला म्हणालो, ‘‘तिला विचार, चट्ट्यावर हात लावलेला कळतो का?’’

भाऊ आत गेला. मला त्याचा आवाज येत होता. ‘‘दादा इचारतोय, हितं लागतंय का?’’ मग तिचा आवाज, ‘‘व्हय, लागतंय की. दाबताय कशाला एवढं?’’

भाऊ बाहेर आला. ‘‘लागतंय म्हणती.’’

अंगठ्यानं दाबलं की कळणारच. वरच्या कातडीचा हलका स्पर्श गेलेला असला तरी खोल दाब कळतो. आणि ‘लागतंय का’ असं विचारलं की माणूस ‘हो’ म्हणतं, हे मी स्वतः गावोगावच्या आशाताईंना शिकवतो. विचारायचं नाही, डोळे मिटून बोट ठेवायला सांगायचं, असं मी दहादा बजावून सांगतो. आशाताई माझ्यावर वैतागतात, ‘‘कळलं हो सर, किती वेळा सांगाल!’’

तरी मी डॉक्टरांना लिहिलं, ‘‘तपासलं सर. संवेदना आहे.’’

मी खोटं लिहिलं. दुसरा शब्द नाही त्याला. डॉक्टरांनी त्यावर मलम लिहून दिलं आणि महिन्यानं प्रत्यक्ष दाखवा म्हणाले. महिन्यानं मी भावाला फोन केला, तर तो म्हणाला, ‘‘मलम चालूय. भेंडीची लागवड चालूय, बारामतीला यायला सवड कुठंय? तुला नवीन फोटो पाठवतो.’’ त्यानं पाठवला. चट्टा तसाच होता. मी भावावर चिडलो, ‘‘फोटो नको, तिला घेऊन ये!’’ असं ओरडलो आणि माझं कर्तव्य झालं असं समजून फोन ठेवला. स्वतः मात्र गेलो नाही. तीस किलोमीटरवर घर होतं.

उन्हाळ्यात भेंडी सुरू झाली. भेंडी तोडणं म्हणजे खाजेचं काम. तिच्या बारीक लवेनं बोटांची आग होते, म्हणून आमच्याकडं बायका हातात जुने पायमोजे घालून तोडतात. मी रजा घेऊन घरी गेलो होतो. सकाळी बांधावर बसून चहा घेत होतो. धाकटी आणि शेजारच्या दोन बायका सरीत होत्या. दोघींच्या हातांत मोजे, धाकटीचा उजवा हात मात्र मोकळा.

एक म्हणाली, ‘‘अगं, मोजा घाल की. हात सोलून निघंल.’’

दुसरी हसली. ‘‘तिला न्हाय लागत. तिच्या त्या हाताला भेंडी चावतच न्हाय. भाग्याचा हात हाय बाई!’’

‘‘करंगळीकडनं तर काहीच न्हाय,’’ धाकटी म्हणाली. ‘‘परवा तव्याला टेकला तर वास आल्यावर कळलं.’’

तिघी हसल्या. मी कप बांधावर ठेवला.

मी भावाला हाक मारली. ‘‘तिला घरी बोलव. आत्ता.’’

‘‘आत्ता? पाट्या भरायच्यात, अकराला गाडी येती बाजाराची.’’

‘‘गाडी गेली खड्ड्यात.’’

‘‘दादा, तू चार महिने काय करत होतास मग?’’ भाऊ चिडून म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

ती ओसरीवर येऊन बसली, पदर डोक्यावर. मी खुर्ची तिच्यासमोर ओढली. आईनं आतून बघितलं. ‘‘अरं, तू कशाला? तिच्या नवऱ्याला करू दे की.’’

‘‘त्यानं केलंय एकदा,’’ मी म्हणालो.

मग मी तिच्याशी बोललो, चौदा वर्षांत पहिल्यांदा सरळ. ‘‘धाकटे, आधी डोळे उघडे ठेवून बघ. हे पेन असं टेकवतो. कळतंय ना? आता डोळे मिट. जिथं टेकंल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेव. कळलं न्हाय तर गप बस. मला बरं वाटावं म्हणून कायबी सांगू नको.’’

दंडावर टेकवलं, तिनं बोट ठेवलं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, बरोबर. मग चट्ट्याच्या मधोमध. ती डोळे मिटून वाट बघत होती. मी पेन उचललं, परत टेकवलं. बोट हललं नाही. करंगळीवर टेकवलं.

‘‘भाऊजी, सुरू केलं का?’’ तिनं विचारलं.

भाऊ तिथंच उभा होता. त्यानं आधी तिच्या करंगळीकडं बघितलं, मग टेकलेल्या पेनाकडं.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीत एक नस असते, कोपर आपटलं की झिणझिण्या येतात तीच. तिची ती नस मी बोटांखाली धरून बघितली. डाव्या हातापेक्षा जाड होती, आणि थोडं दाबताच तिनं ‘आई गं’ केलं. मग करंगळी आणि तिच्याजवळच्या बोटात कागदाचा तुकडा धरायला दिला. मी ओढला. तो सहज निघून आला, जणू कुणी धरलाच नव्हता.

दुपारच्या आत आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. तिथल्या डॉक्टर बाईंनी सगळं पुन्हा तपासलं, पाठीवरचे आणखी दोन चट्टे शोधले, जे कुणीच पाहिले नव्हते, आणि कुष्ठरोगाचं निदान पक्कं केलं. गोळ्यांची पाकिटं मोफत मिळाली. महिन्याची पहिली मात्रा तिनं त्यांच्यासमोर घेतली. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, असं त्यांनी तिला सांगितलं. नसेची सूज उतरवायला वेगळ्या गोळ्या, त्या हळूहळू कमी करायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत. मी विचारलं, ‘‘बोटांत ताकद परत येईल?’’

‘‘नस अलीकडंच बिघडली असेल तर आशा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘किती दिवस झाले?’’

मी फोनमधला फोटो काढून दाखवला, संक्रांतीनंतरचा. त्यांनी बघितला आणि विचारलं, ‘‘तेव्हा तपासलं नव्हतं?’’

‘‘तपासलं असं लिहिलं होतं,’’ मी म्हणालो.

त्यांनी तारीख कार्डावर लिहून घेतली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आईनं पहिल्याच दिवशी तिचं ताट वेगळं काढलं. मी पुरता वैतागलो. ‘‘आई, गोळ्या सुरू झाल्या की हिच्यापासून कुणाला धोका न्हाय. आणि इतकी वर्षं तू हिच्याच हातची भाकरी खाल्लीस ना?’’ मग मी आईला, भावाला आणि पोरांना ओळीनं बसवून सगळ्यांचं अंग तपासायला डॉक्टर बाईंना घरी आणलं. आई कुरकुरली, पण पाठ दाखवली. कुणाला काही निघालं नाही. सगळ्यांना प्रतिबंधाच्या गोळ्यांचा एक डोस दिला. भाऊ अजूनही अधूनमधून म्हणतो, ‘‘फोटो तर एकदम क्लिअर होता रे.’’

दर महिन्याला मी रविवारी घरी जातो आणि पेन काढतो. आता आई काही म्हणत नाही. चौथ्या महिन्यात मी धाकटीला सांगून टाकलं, की तपासलं नसताना मी तपासलं असं कळवलं होतं.

ती हात टेबलावर तसाच ठेवून बसली होती. ‘‘मला म्हाईत होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी ओसरीवर, मी आत. तुमी मला इचारलंच न्हाय. भिंतीला इचारलं. आणि मीबी व्हय म्हणाले, कारण थोरलं दीर हाय म्हणून. दोघं शहाणं.’’

‘‘चूक माझी हाय.’’

‘‘व्हय, तुमचीच हाय,’’ तिनं तेही सरळ सांगितलं. ‘‘आता कागद वढा.’’

तिनं करंगळीच्या बाजूला कागद धरला. मी ओढला. तो सरकला, मग अडला. मी थोडा जोर लावला तेव्हा कुठं निघाला. चट्ट्यावर पेन टेकवलं तर अजून काहीच कळत नव्हतं, आणि ते कदाचित कधी कळणारही नाही. तिनं टेबलावरचा पायमोजा उचलून उजव्या हातात घातला. आता तो ती रोज घालते, चुलीपाशी जाताना जाड फडकंही धरते. आपल्याला कळत नाही ते डोळ्यांनी बघायचं, असं तिला शिकवलंय.

‘‘परत वढा,’’ ती म्हणाली. ‘‘पयल्या बारीला मी नीट धरला नव्हता.’’

मी कागदाला नवी घडी घातली आणि तिच्या बोटांत दिला.