वरची टाकी, खालची टाकी आणि माझं ‘नक्की?’

ओरल घेताना मला एक खोड होती. मुलाने उत्तर दिलं, बरोबर असो की चूक, की मी चष्म्यावरून बघत विचारायची, "नक्की?" ज्याला येतं तो ठाम राहतो आणि घोकून आलेला डळमळतो, असा माझा सिद्धान्त. साताऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टिम्स शिकवताना वीस वर्षं मी तो बिनधास्त वापरला.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका कॉलेजात बाह्य परीक्षक म्हणून गेले होते. शेवटच्या वर्षाची, मिरजेहून येणारी एक मुलगी समोर आली. आवाज इतका हळू, की पंख्याच्या घरघरीत निम्मा विरून जायचा. तिचा प्रयोग साधाच होता. एकाखाली एक अशा दोन पारदर्शक टाक्या. पंप वरच्या टाकीत पाणी टाकतो, तिथून ते खालच्या टाकीत मोकळं पडतं आणि खालून बाहेर जातं. पातळी मोजणारा सेन्सर फक्त वरच्या टाकीला.

अशा यंत्रणेची ‘स्टेट’, म्हणजे अवस्था, इथे दोनच आकड्यांत मावते: वरची पातळी आणि खालची पातळी. या क्षणीचे हे दोन आकडे आणि पंप पुढे कसा चालणार एवढं ठाऊक असलं, की पुढचं सगळं दोन समीकरणांतून निघतं. तिने ती फळ्यावर बिनचूक लिहिली. वरच्या पातळीचा बदल पंपावर आणि वरच्याच पातळीवर अवलंबून, खालच्या पातळीचा बदल दोन्ही पातळ्यांवर.

"कंट्रोलेबल आहे का?" मी विचारलं.

"आहे मॅडम. पंपाचं पाणी वरून खाली जातं. पंप कमी-जास्त करून दोन्ही पातळ्या हव्या तिथे आणता येतात."

"आणि ऑब्झर्व्हेबल? सेन्सरचे आकडे बघून दोन्ही पातळ्या काढता येतील?"

"नाही."

"नक्की?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही... म्हणजे आहे मॅडम. पंप दोन्हीकडे पोचतो, म्हणजे दोन्ही कळणारच."

हलवता येतं म्हणजे कळतंही, ही या विषयातली सगळ्यात जुनी गल्लत. मी पंचवीसपैकी आठ दिले. पास व्हायला दहा लागतात. तिचे सर हळूच म्हणाले, पुण्यात नोकरी लागलीय तिला, ओरल राहिली तर हातची जाईल. मी म्हटलं, नोकरी देणाऱ्यांनाही हे येणारी माणसंच हवी असतात. हे बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

जेवण झाल्यावर विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला लॅबकडे गेले. ती मुलगी आणि लॅबचे मामा टाक्या रिकाम्या करत होते.

"पोरी, पानी तर हितनंच खाली जातंय," मामा म्हणत होते. "मग वरच्या आकड्यावरनं खालचं का कळत न्हाई?"

"मामा, खाली आधीच दोन बोटं पाणी असू दे नाहीतर आठ बोटं, वरच्या टाकीला त्याचा पत्ताच नसतो. वरून किती आलं ते कळेल, पण सुरुवातीला खाली किती होतं ते कसं कळणार? दोन्ही वेळी वरचा आकडा तसाच राहील."

"म्हंजे वरनं सोडता येतंय, पर बघता येत न्हाई."

"हां. तेच."

मी दारातच उभी. मार्क अजून पाठवले नव्हते. तिच्या सरांना बोलावलं आणि त्यांच्या देखत पुन्हा विचारायला बसले.

"सेन्सर खालच्या टाकीला लावला तर?"

"मग दोन्ही कळतात. खालची पातळी किती आणि किती वेगाने बदलतेय यावरून वरून किती येतंय ते निघतं, आणि त्यावरून वरची पातळी."

"आणि सेन्सर असा खालीच ठेवून पंपही खालच्या टाकीत सोडला तर?"

"मग वरची पातळी कळेल, पण पंपाने ती हलवता येणार नाही. ऑब्झर्व्हेबल आहे, कंट्रोलेबल नाही."

या वेळी मी ‘नक्की?’ विचारलं नाही. आठ खोडून बावीस लिहिले, दोघांनी सह्या केल्या.

"मघाशी उत्तर का बदललंस?"

"तुम्ही ‘नक्की’ म्हणालात मॅडम. मला वाटलं, चुकलं."

"खात्री नव्हती तुला?"

"होती. पण तुम्ही परीक्षक."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी आठवू लागले, माझ्यासमोर कोणकोण डळमळलं होतं. माझ्या त्या शब्दाने उत्तरं फिरत होती, हे मला दिसत होतं. त्या मुलांच्या डोक्यात काय होतं, ते मात्र मी कधीच पाहिलं नव्हतं. मलकापूर मागे पडलं तेव्हा एक मुलगा आठवला. खूप वर्षांपूर्वीचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. तो त्या ओरलमध्ये नापास झाला आणि पुन्हा परीक्षेला बसलाच नाही, असं नंतर कानावर आलं होतं. त्याचं पहिलं उत्तर बरोबर होतं. मी त्याला सात दिले होते.