हुंडी कोणी घेऊ नये

मला लाज वाटायला लागली की मी आधी चिडतो. बायको म्हणते, तुमचा आवाज चढला की समजायचं, आतून तुम्हाला कळलेलं आहे. गेल्या हिवाळ्यात माझा आवाज तीन महिने चढलेला होता.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला माझी पत्र्याची शेड आहे. तिथे टॉवेल होतात. वडील वैरागहून येऊन दुसऱ्याच्या मागावर राबले, मी स्वतःचे माग घेतले. त्यामुळे मी स्वतःला मोठा हुशार समजत होतो. दिवाळीनंतर मी जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याकडून एक वापरलेला रेपियर माग घेतला. त्याने तो त्याच्या गोदामात चालवून दाखवला आणि गिअरबॉक्स नवा बसवलाय म्हणून शपथेवर सांगितलं. रोख द्यायला माझ्याकडे नव्हते, म्हणून त्याने माझ्या नावावर तीन महिन्यांच्या मुदतीची हुंडी लिहिली आणि मी तिच्यावर आडवी सही करून 'स्वीकारली' असं लिहिलं. म्हणजे मुदत भरली की ज्याच्या हातात हुंडी असेल त्याला पैसे देणं मला बंधनकारक. आमच्या धंद्यात आता चेकच जास्त चालतात, पण जुनी मंडळी अजून हुंडी लिहितात, आणि मला तेव्हा जुन्या मंडळींत बसल्यासारखं वाटलं होतं.

माग शेडमध्ये आला, चार दिवस चालला आणि बसला. गिअरबॉक्स उघडला तर आत झिजलेले दात, वरून रंग. फसवणूक उघड होती. व्यापाऱ्याचा फोन बंद, गोदामाला कुलूप. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेपासूनच्या मित्राकडे गेलो. तो आता वकील आहे. मी त्याला म्हणालो, "मी पैसे देणार नाही."

"त्या व्यापाऱ्याने मागितले तर देऊ नकोस," तो म्हणाला. "त्याने तुला फसवलंय, त्याच्यापुढे तुझी बाजू भक्कम आहे. पण हुंडी हातोहात फिरते. त्याने पाठीवर सही करून ती पुढे कोणाला दिली आणि त्या माणसाला यातलं काही माहीत नसेल, तर तुझी तक्रार त्याच्यापुढे चालणार नाही. बाजाराला लवकर कळव."

मी दुसऱ्याच दिवशी पेपरात जाहीर नोटीस दिली. हुंडीचं वर्णन, व्यापाऱ्याने केलेली फसवणूक, आणि शेवटी ठळक अक्षरात, 'सदर हुंडी कोणीही घेऊ नये, घेतल्यास ती आमच्यावर बंधनकारक राहणार नाही.' कात्रण मी मागवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. अंगठ्यांचा पाऊस पडला आणि मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात लेथवाले मिस्त्री माझ्या शेडमध्ये आले. मूळचे केम गावचे, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. गेली कित्येक वर्षं ते एका भाड्याच्या गाळ्यात बसून अख्ख्या भागातल्या मागांचे दाते आणि शाफ्ट घडवून देतात. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हुंडी काढली. माझीच. पाठीवर व्यापाऱ्याची सही आणि 'अमुक यांना द्यावे' म्हणून मिस्त्रींचं नाव.

"मालक, तुमची हुंडी माज्याकडं हाय," ते म्हणाले. "त्यानं इचलकरंजीला धाडलेल्या मागांचं काम मी केलं व्हतं. त्याचं पैसं द्यायला त्याच्याकडं न्हवतं, म्हून ही दिली. तवा तुमचा माग बसला न्हवता की. नोटीस लागली ती नंतर. मला काय ठावं असणार?"

"तुम्ही त्याची कामं करत होता आणि तुम्हाला ठाऊक नाही?" मी म्हणालो. "माझ्या गिअरबॉक्सला रंग कोणी फासला मग?"

"तुमचा गिअरबॉक्स मी बगितलाबी न्हाय, मालक."

"सगळे चोर एकाच बाकावर बसलेले असतात," मी मोठ्याने म्हणालो. मागांच्या आवाजातही कामगारांना ऐकू गेलं. मिस्त्रींनी हुंडी परत पिशवीत घातली, पिशवीची नीट घडी घातली आणि "येतो" म्हणून गेले.

मी वकिलाला फोन लावला. त्याने आधी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाला, "त्यांनी कामाच्या मोबदल्यात घेतली, मुदतीच्या आधी घेतली, आणि संशय यावा असं काही तेव्हा नव्हतं. तुझी नोटीस नंतरची. ती त्यांच्या हक्काला लागत नाही. मुदतीला पैसे द्यावे लागतील. ते सामील होते असं तुला वाटत असेल तर पुरावा आण."

पुरावा नव्हता. मी शोधलाही नाही, कारण सापडणार नाही हे मला माहीत होतं. त्या माणसाने आयुष्यात माझ्याकडून एकदाही जास्तीचे पैसे घेतले नव्हते. इथे मी थांबायला हवं होतं. नोटीस मागे घेतो, एवढं ग्रुपवर लिहायला काय लागतं? पण व्यापारी हाताला लागत नव्हता आणि मिस्त्री रोज समोरून सायकलवर जात होते. मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं, 'ही हुंडी सध्या लेथवाल्या मिस्त्रींकडे आहे. सावध राहावे.' यातला शब्दन् शब्द खरा आहे, असं मी मनाला समजावलं.

आठवड्याने रात्री जेवताना बायकोने विषय काढला. तिची आणि मिस्त्रींच्या बायकोची भिशी एकच आहे. मिस्त्रींच्या गाळ्याचा मालक गाळा विकत होता. भाडेकरू म्हणून आधी मिस्त्रींना विचारलं होतं, आणि त्यांनी होतं नव्हतं ते गोळा करून इसारही दिला होता. उरलेल्या रकमेची तारीख हुंडीच्या मुदतीच्या आधी येत होती. एरवी सुताचे व्यापारी चांगली हुंडी थोडी सूट कापून हसत घेतात, त्या भरवशावर ते होते. आता कोणी हात लावत नव्हतं. तारीख चुकली तर इसार बुडणार, गाळा जाणार आणि लेथ रस्त्यावर.

"ते दारोदार फिरतायत," ती म्हणाली. "लोक तुमची नोटीस काढून दाखवतात."

"कायदा त्यांच्या बाजूने आहे ना? मुदतीला घेतील की पैसे. मी पळून चाललोय का?"

"मुदतीला गाळा नसेल."

"मग मी काय करू? माझा माग गंजतोय त्याचं काय?"

मी आणखी एक भाकरी मागितली, तिने वाढली. विषय मिटला असं मी धरून चाललो. त्यानंतर मी मिस्त्रींच्या गाळ्यावरून जायचा रस्ता बदलला. वळसा पडत होता, पण मी स्वतःला सांगायचो की तिकडे खड्डे फार आहेत.

मुदत आणि वरचे सवलतीचे दिवस संपले त्या दिवशी मी सकाळपासून शेडमध्ये बसून होतो. मिस्त्री येणार, मी दोन बोलणार आणि मग पैसे देणार, असं मी ठरवलं होतं. काय बोलायचं तेही तयार होतं. दुपारच्या सुमारास बायको आली. ती शेडमध्ये सहसा येत नाही. मला वाटलं, डबा विसरला म्हणून आली. तिने पर्समधून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि हुंडी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"आज मुदत आहे," ती म्हणाली. "द्या."

मी उलटून पाहिली. व्यापाऱ्याच्या सहीखाली मिस्त्रींची सही, आणि त्यांच्या अक्षरात माझ्या बायकोचं नाव. तिने भिशी उचलली होती, उरलेल्यासाठी बांगड्या बँकेत ठेवल्या होत्या आणि हुंडीची पूर्ण रक्कम त्यांना दिली होती, एक पैसा न कापता. इतके दिवस तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझा आवाज चढला. "तुला काही मिळणार नाही! तुला सगळं माहीत होतं. माग फसवा आहे हे तू रोज माझ्या तोंडून ऐकत होतीस. माहीत असताना हुंडी घेणाऱ्याला हक्क नसतो, मी वकिलाकडून ऐकलंय." आणि कामगारांच्या देखत, स्वतःच्या बायकोविरुद्ध, मी वकिलाला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"वहिनी थेट त्या व्यापाऱ्याकडून घेत्या, तर तुझं म्हणणं बरोबर होतं," तो म्हणाला. "पण त्यांनी मिस्त्रींकडून घेतली. मिस्त्रींचा हक्क स्वच्छ होता, तोच वहिनींकडे आला. मधे एक प्रामाणिक माणूस येऊन गेला की पुढच्याला काय माहीत होतं, हे कोणी विचारत नाही. फक्त तो पुढचा माणूस मूळच्या फसवणुकीत सामील नसावा. वहिनी सामील होत्या असं तुझं म्हणणं आहे का?"

कोणीतरी मागाच्या आडून हसलं. मी फोन ठेवला. मला लाज वाटली, पण पैशांची नाही. ती हुंडी कोणीही निर्धास्त घेऊ शकलं असतं. कायद्याने तिला काहीच झालं नव्हतं. माझ्या नोटिशीने व्यापाऱ्याचा केसही वाकडा झाला नाही. मार बसला तो फक्त त्या एका माणसाला, ज्याचं काही चुकलं नव्हतं, आणि हे मला त्या पहिल्या फोनपासून माहीत होतं.

मी तिथेच मोबाईलवरून तिच्या खात्यात पैसे पाठवले. मेसेज आलेला तिने चष्मा लावून वाचला, हुंडीवर 'पैसे मिळाले' लिहून सही केली आणि ती माझ्या हातात दिली. "गाळ्याचं खरेदीखत झालं," एवढंच म्हणाली. "मी बांगड्या सोडवून येते."

ती दारापर्यंत गेली तेव्हा मी मागून म्हणालो, "मला एकदा सांगायचंस तरी. घरातल्या घरात एवढं चोरून कशाला?"

ती वळली. रागात नव्हती, आणि तेच मला सोसलं नाही.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही माझंही नाव ग्रुपवर टाकलं असतं."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. कामगार बघत होते, ती थांबली होती. माझ्याने नाही म्हणवलं नाही.