श्रीशैलची ओली गोणपाटं

श्रीशैल चौदा वर्षं कबनूरच्या एका मागाच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेले माग चालते करणारा. २००७ च्या एप्रिलमध्ये कागलच्या नव्या कापड गिरणीत सुपरवायझरची जागा निघाली आणि तो शाहूपुरीत माझ्या मुलाखतीच्या वर्गाला यायला लागला. पस्तिशी गाठलेली. ही जागा गेली तर जन्मभर जॉबरच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी सांगितलं, "ते विचारतील, अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलंत? आधी परिस्थिती, दोन वाक्यांत. मग तुम्ही स्वतः काय केलंत ते. शेवटी परिणाम, आकड्यासकट."

गडी परिस्थितीतच रमला. पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन, त्यात तरंगणारे कापसाचे बारीक तंतू, कोरड्या हवेत तटातटा तुटणारे ताण्याचे धागे. त्याचे डोळे अर्धे मिटलेले. ऐकता ऐकता मीसुद्धा त्या उन्हात जाऊन बसले, आणि मग स्वतःवरच चिडले.

"अहो, पण तुम्ही केलंत काय?"

"खिडक्यांना ओली गोणपाटं बांधली. तासातासाला जमिनीवर पाणी मारलं. हवा गार झाली, वल आली. मातीचा वास सुटला बाई, सपनात असल्यागत..."

"आणि धागे?"

"कमी तुटलं. मालकांची पुण्याई."

प्रत्येक गोष्टीचा शेवट असा मालकांच्या पायाशी. कामगारानं आपलं काम आपल्या तोंडानं सांगणं म्हणजे माजणं, असं त्या कारखान्यात सगळेच मानत. माझं डोकं फिरलं. "मालक होते कुठं तेव्हा?"

"गोकाकला. लग्नाला गेलते."

"मग पुण्याई गोकाकहून आली होय?"

तो हसला. मग हळूच म्हणाला, "खांबावर खडूनं रेघा मारलत्या मी. चार मागांवर एका पाळीत एकसष्ट धागं तुटायचं. आठ दिसांनी चौतीस."

"निम्म्यावर आणले म्हणा," मी मोहात पडून म्हटलं.

"चौतीसच व्हतं," तो म्हणाला. मला माझीच लाज वाटली.

मुलाखतीत नेमकं तेच विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. एका साहेबांनी विचारलं, "ही कल्पना मालकांची का?" श्रीशैल म्हणतो, तेव्हा खोलीतला पंखासुद्धा हळू फिरल्यागत वाटलं. मग तो म्हणाला, "न्हाय साहेब. मी केलं."

जागा मिळाली. पेढे घेऊन तो आधी मालकांकडं गेला. मान खाली घालून म्हणाला, "मालक, चुकी झाली. गोणपाटांचं मी माझ्या नावावर सांगितलं."

मालकांनी पेढा तोंडात टाकला. "तुझंच हुतं की ते. मला पयल्या दिवसापासनं ठावं हाय."

हे सांगताना श्रीशैल माझ्यासमोर बसून लहान पोरासारखा रडला. "ठावं हुतं, बाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "आणि चौदा वर्सांत एकदा बी बोललं न्हाईत."