भात वाढला

अंकुशला समुद्र हवा होता. नागपुरात राहून माणसाने असली हौस का बाळगावी, हे मला कधी कळलं नाही. त्याला ठाऊक असलेलं मोठं पाणी म्हणजे आजोळची, खाप्याची कन्हान नदी, आणि उन्हाळ्यात तीही गुडघाभर. पण शाळेतला दोस्त धम्मानंद जहाजावर स्वयंपाकी झाला, डेकवरून फोटो पाठवू लागला, आणि याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. गल्लीतल्या ओट्यावर बसून तो ते निळं पाणी बोटांनी मोठं करून करून बघायचा.

आम्ही नंदनवन वस्तीत भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून हे सगळं मला घरबसल्या दिसायचं. सहा वर्षं एका मोठ्या हॉटेलात त्याने भारतीय जेवणाच्या विभागात काम केलं, आणि आता एका केटररकडे मुख्य आचारी होता. पहाटे कळमन्याच्या बाजारातून भाजी आणायची आणि रात्री शेवटची पंगत उठली की घरी यायचं. हाताला चव अशी की लग्नाच्या जेवणाला नावं ठेवणारी आमची मंडळीसुद्धा दुसऱ्यांदा ताट पुढे करत. ती चव त्याला मीराबाईंनी, म्हणजे त्याच्या आईने दिली. बाई जन्मभर लोकांच्या कार्यात चुलीपुढे बसल्या होत्या.

मीराबाईंचा एक नियम होता. अन्न संपलं असं म्हणायचं नाही. पीठ संपलं तर ‘पीठ वाढलं’, तांदूळ संपले तर ‘तांदूळ वाढले’. मी एकदा चेष्टेने म्हटलं, “मीराबाई, तुम्ही बौद्ध लोक. शकुन-अपशकुन सगळं सोडून दिलंत, मग हे काहून धरून ठेवलं?”

त्या चिडल्या. “शकुन नाही गा हा. भाताचा रिकामा गंज पाहून लेकराले संपलं म्हणून सांगून पाहा एकदा. मंग समजन तुले.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

धम्मानंदने मुंबईतल्या परवानाधारक एजन्सीचा पत्ता दिला. जहाजावर लागणारं सुरक्षेचं प्रशिक्षण अंकुश करून आला होता, पासपोर्ट होता, अडलं होतं ते बायोडाट्यापाशी. तो लिहायला बसली त्याची मेहुणी कामिनी. इंग्रजी शाळेत शिकलेली हुशार पोरगी, पण उतावळी. भाऊजींना पंगतीतून वेळ मिळेना, म्हणून त्यांनी फोनवर बोलून पाठवायचं आणि हिने ऐकून इंग्रजीत टाइप करायचं, असं ठरलं.

“कुठकुठलं जेवण येतं ते लिहिलं पाहिजे. मेक्सिकन टाकू का, भाऊजी? सगळे टाकतात.”

“मेक्सिकन माणूस तरी पाह्यला का मी? उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय, चायनीज लिही वं. पास्ता लग्नात करतो, तो लिही. जे येत नाही ते तिथं करून दाखवा लागन ना.”

मग आकडे. जहाजवाल्यांना एका वेळी किती माणसांचं जेवण करता हे हवं असतं, आणि अंकुश हिशेब करणार तांदळाच्या पोत्यांत. ते रडत-रखडत माणसांत आणलं. मग स्वच्छता: कच्च्या-शिजलेल्याला चिरायची वेगळी फळी नि वेगळी सुरी, गरम अन्न साठ अंशांच्या वर, थंड पाचाच्या खाली, तापमानाची नोंद, अन्नसुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. सगळं खरं होतं. हॉटेलातली ही शिस्त त्याने केटररकडेही लावली होती आणि त्यापायी सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. दोन पानांत सगळं बसलं आणि मुंबईला गेलं.

मुलाखत व्हिडिओवर होती. आमच्या घरी इंटरनेट चांगलं, म्हणून माझ्याच टेबलाशी. अंकुश इस्त्रीचा पांढरा कोट घालून बसला. बाजूला कामिनी, मागे दारात मीराबाई आणि अंकुशची बायको दीपमाला. तिने तोंडाला पदर लावला होता. त्याने जावं असंही तिला वाटत होतं आणि जाऊ नये असंही. समोर कृष्णकांत नावाचे शेफ, जहाजावर वर्षं काढून आता एजन्सीसाठी माणसं निवडणारे. ते मराठीतच बोलले. आधी सॉस विचारले, मग चिकन आतून किती अंशांना शिजलं म्हणायचं ते विचारलं. अंकुशची उत्तरं नीट येत होती. मग त्यांनी बायोडाट्याचं दुसरं पान वर घेतलं आणि चेहरा बदलला.

“इथे लिहिलंय, जास्त झालेला भात तुम्ही वीस मिनिटांत पुन्हा पंगतीत देता. उरलेला भात? जहाजावर एका दिवसात तीनशे माणसं आजारी पडतील, अंकुश. बाकी सगळं ठीक होतं, पण हे असेल तर मी तुम्हाला घेऊ शकत नाही.”

अंकुश पांढराफटक पडला. “सर, मी असं कधीच करत नाही. उरलेला भात मी दुसऱ्या पंगतीले देतच नाही.”

“मग हे कोणी लिहिलं?”

कामिनीने घाईघाईने फोनवरचा तो आवाज लावला. अंकुशचाच होता: “भात वाढला तर आपण घाबरत नाही वं. आधण तयारच राहते. वीस मिनिटांत दुसरा देतो पंगतीत.”

“वाढला म्हणजे जास्त झाला ना?” कामिनी रडवेली होऊन म्हणाली.

दारातून मीराबाई म्हणाल्या, “वाढला म्हणजे सरला, पोरी.”

कृष्णकांत खळखळून हसले. “माझी आजीही असंच म्हणायची. बरं, म्हणजे दुसरा ताजा भात. पण अंकुश, जहाजावर दहा देशांची माणसं असतात. मनात ‘वाढला’ असेल तर इंग्रजीतही उलटंच जाईल, जसं इथे गेलं. काउंटरवरचं अन्न संपलं की संपलं म्हणून ओरडावं लागतं. आधी मराठीत म्हणून दाखवा.”

अंकुश मान खाली घालून बसला. एवढा मोठा माणूस, पण तो शब्द त्याच्या तोंडून निघेना. त्याने मागे आईकडे पाहिलं. मीराबाईंनी डोळे मिटले आणि हळूच मान डोलावली.

“भात संपला,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की कृष्णकांतांनी पुन्हा म्हणायला लावलं.

निवड झाली. मुंबईला प्रत्यक्ष स्वयंपाक करून दाखवणं, वैद्यकीय तपासणी, व्हिसा, सगळं पार पडलं. इथला मुख्य आचारी तिथे सगळ्यात खालच्या जागेवर, ‘कॉमी’ म्हणजे हाताखालचा स्वयंपाकी म्हणून रुजू होणार होता, पण त्याला त्याचं काही नव्हतं. निघताना तो सगळ्यांच्या पाया पडला. मीराबाई कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या. न रडल्याबद्दल मला त्यांचाही राग आला, निघाल्याबद्दल त्याचाही.

जहाजावरून पहिला फोन आला तेव्हा आम्ही ओट्यावरच होतो. दीपमालाचं बोलणं झालं, मग फोन मीराबाईंच्या हातात आला.

“माय, आमच्या किचनले खिडकीच नाही वं! सुट्टी झाली की वर जाऊन पाहतो समुद्र. इतकं पानी, माय. पाहून तुमचीच आठवण येऊन राहिली.”

“जेवला का?”

“जेवलो. घरी सगळं हाये ना?”

घरात गव्हाची कोठी भरलेली होती, तांदूळ आदल्या दिवशीच आणले होते. मीराबाईंनी आत पाहिलं, मग अंकुश बसायचा त्या ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“सगळं वाढलं गा, बाबू,” त्या म्हणाल्या.

कामिनी जवळच होती. तिने या वेळी बरोबर ऐकलं आणि तोंड फिरवलं. फोनमधून भांड्यांचे आवाज येत होते.

“माय,” अंकुश म्हणाला, “आधण ठेवून ठेव. मी येतो.”