पगाराच्या ओळीतली दोन अक्षरं

रियाधच्या एका इस्पितळात मी एकोणीस वर्षं बिलं केली. परत आल्यावर गुजरातेत, बमरोलीत, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर नव्हे, कागद चिकटवला: अरबी ते इंग्रजी, व्हिसासाठी, शपथपत्रासह. बाहेर लावला असता तर गल्लीतला जो तो आखाती देशात नोकरी लावून द्या म्हणत आला असता.

बँकेचं स्टेटमेंट हे माझं हातखंडा काम. लोकांना वाटतं आकडे तर आकडेच, त्यात भाषांतर काय करायचं? अहो, अरबीतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. शिवाय सगळा तक्ता उजवीकडून डावीकडे. तारीख उजव्या टोकाला, शिल्लक डाव्या टोकाला. इंग्रजीत आणताना तो उलटवावा लागतो, आणि नावे कुठलं, जमा कुठलं हे एकदा चुकलं की माणसाचा पगार त्याचा खर्च होऊन बसतो. मी कधी चुकलो नाही. या गोष्टीचा मला गर्व होता आणि आहे.

ती मुलगी एका दुपारी आली. शेजारच्या पांडेसऱ्याची, घरचे मूळ धुळ्याकडचे, बोलणं मात्र अर्धं गुजराती. कॅनडाला शिकायला चालली होती. शिक्षणाचं कर्ज मंजूर झालेलं, पण घरात नियमित पैसा येतो हे दाखवायला बापाच्या सौदीतल्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडायचं होतं. बापाने बँकेतून जे हातात पडलं ते शिक्का मारून पाठवलं. इंग्रजीत मागता येतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. चार पानं, सगळी अरबी.

"पप्पा तिकडे कंपनीत सुपरवायझर आहेत," ती म्हणाली. "फॉर्ममध्येही तेच लिहिलंय. तुम्ही पानाचे तीनशे घेता काका? मोबाईलवर फुकट होतं."

"मग मोबाईललाच नोटरीपुढे उभं कर," मी म्हटलं. ती पानं ठेवून गेली, पण मला ते लागलं होतं.

त्याच संध्याकाळी बापाचा फोन आला. नंबर तिनेच दिला असणार. आवाज दबका, कुणाच्या तरी घराच्या मागच्या बाजूने बोलत असल्यासारखा.

"साहेब, पगारनी ओळ शे ना, तठे फक्त पगार लिखा. एवढंच म्हणनं शे."

"कागदावर असेल ते लिहीन," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

मग पानं नीट वाचली. माणूस स्टेटमेंटमध्ये लपत नाही. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार जमा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भारतात पैसे पाठवल्याची ओळ, त्याखाली पाठवण्याचं शुल्क, त्याखाली तीन अक्षरांत त्या शुल्कावरचा कर. मग एखादा मोबाईल रिचार्ज. एकदा औषधाच्या दुकानात कार्ड वापरलेलं. सहा महिन्यांत एवढंच.

आणि पगाराच्या प्रत्येक ओळीत 'रातिब', म्हणजे पगार, याच्यापुढे दोन सुटी अक्षरं, मध्ये टिंब: ऐन, मीम. मला ती ठाऊक होती. त्या बँकेचे असे कागद माझ्या हाताखालून बरेच गेले होते. घरगुती नोकर. कुणाच्या तरी घरी राहून स्वयंपाक, भांडी, गाडी धुणं करणाऱ्यांचा पगार असा येतो.

इथे खरं काय ते सांगून टाकतो. मूळ कागदात संक्षेप उलगडून दिला नसेल तर भाषांतरकार तो तसाच ठेवू शकतो. अक्षरं इंग्रजीत उतरवायची आणि खाली टीप द्यायची: संक्षेप, मुळात स्पष्ट केलेला नाही. ही लबाडी नाही, रीतसर पद्धत आहे. कराची ती तीन अक्षरं मी उलगडली, कारण ती कुणालाही माहीत असतात. ही दोन तशीच सोडता आली असती. याआधी इतरांसाठी मी तसं केलंही होतं.

या वेळी नाही केलं. सहा महिन्यांच्या सहा ओळी, सहाही ठिकाणी लिहिलं: पगार, घरगुती नोकर. मला राग होता. रियाधमध्ये टाय लावून टेबलाशी बसलो तरी इकडे आल्यावर लोक मला आणि घरकाम्यांना एकाच मापाने मोजायचे, आणि हा गडी भांडी घासून सुपरवायझर म्हणवत होता. मी कारकून होतो, कारकूनच म्हणवलं. वर त्याच्या पोरीला माझे तीनशे जास्त वाटत होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही जळला नव्हता. दुसऱ्या दिवशी नोटरीकडून शपथपत्र करून घेतलं: खरं आणि संपूर्ण भाषांतर.

ती पानं न्यायला आली. मी उगीच बोट ठेवून म्हणालो, "पगारापुढच्या या दोन अक्षरांचा अर्थ बघून घे. फॉर्मशी जुळला पाहिजे."

तिने वाचलं. माझ्याच टेबलाशी उभी राहून तिने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर टाइल्सची भिंत आणि बापाचं कपाळ दिसत होतं.

"पप्पा, तुम्ही काय काम करता?"

त्याने फोन जरा बाजूला वळवला. मग म्हणाला, "रांधस बेटा. घरमा. चोरी नही करी मी."

"भांडीपण?"

"भांडा बी."

"दहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले," ती म्हणाली. "मला लाज वाटते तुमची." तिने फोन बंद केला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "काका, ती दोन अक्षरं तशीच ठेवून द्या ना. माझा व्हिसाचा एजंट म्हणतो, अशी अक्षरं असली तरी चालतं."

चालत होतं. सहा ओळी बदलायच्या आणि शपथपत्र नव्याने करायचं, अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हणालो, "सही झालेली आहे."

तिने एजंटला फोन लावला. तो बिनधास्त गडी. "बेन, फॉर्म सुधारी नाखो," त्याचा आवाज मला ऐकू आला. "खोटुं पकडाय तो पांच वरस व्हिसा बंद." त्याने बापाच्या धंद्यापुढे घरगुती स्वयंपाकी लिहिलं आणि फाईल पाठवली. व्हिसा आला. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती, आणि त्या सहा ओळी उलगडायचीही नव्हती.

ती कॅनडाला गेल्यानंतर चौथ्या दिवशी बाप माझ्या दारात उभा होता. दोन वर्षांनी मिळालेली सुट्टी. मुलीला पोचवायला म्हणून मागितलेली, पण तिने कळवलं की विमानतळावर येऊ नका, म्हणून तो ती गेल्यावर आला. बारीक माणूस, हाताची कातडी साबणाने सोललेली. मी आत बोलावलं. त्याने भाषांतराची प्रत मागितली आणि पगाराची ओळ वाचून दाखवा म्हणाला. मी वाचली, अर्थही सांगितला.

"एवढंच शे?" तो म्हणाला. "हाई तं खरंच शे." मग पाणी प्यायला. तो भांडत नव्हता. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, तुम्हले कागद समजस," तो म्हणाला. "मंग ती मन्हासंगे का बोलस नही? मी रोज फोन लावस, ती उचलस नही."

"तिकडची वेळ वेगळी असते," तो कधी फोन करतो हे न विचारताच मी म्हणालो. "तुम्ही फोन करता तेव्हा तिथे मध्यरात्र असते."

"मंग कवय करू?"

मी कागदावर हिशोब मांडून सांगितलं, सौदीत परत गेल्यावर संध्याकाळी पाचला करा, तेव्हा तिथे सकाळ असते. त्याने मोबाईलमध्ये पाचचा गजर लावला, रोज वाजेल असा, आणि बरोबर लागला का ते मला दाखवलं.