छेदनबिंदूवर बोट

गणिताच्या बाईंना वर्षभरापासून फळ्यावरच्या चौकटी दिसेनाशा झाल्या होत्या. पण नोकरी जाईल या धास्तीनं त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

आज शाळा तपासायला साहेब आले, मेले नेमके याच तासाला! एका मुलीनं आलेखफळ्यावर x + y = 5 आणि x − y = 1 या रेषा काढल्या. बाईंनी उत्तर मनातच सोडवलं आणि ठणकावून सांगितलं, “रेषा (3, 2) या बिंदूत छेदतात.”

“बोट ठेवून दाखवा,” साहेब म्हणाले.

बाईंच्या समोर नुसतं धुकं. बोट त्यांनी अंदाजानंच टेकवलं.

मग अख्खा वर्ग एकदम कुजबुजला, “बाई, अजून एक घर उजवीकडे.”